बेसवरचा हात

निफाडच्या एसटी स्टँडासमोर निसारचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, लग्नातले भोंगे, जे येईल ते तो उघडून बसायचा. पण त्या दोन-तीन वर्षांत आजूबाजूच्या मळ्यांत त्याचं नाव झालं ते विहिरीच्या दिव्यामुळे. उन्हाळ्यात विहिरी मंद पाझरायच्या. पाणी किती चढलंय ते बघायला सारखं मळ्यात जावं लागायचं, आणि न बघता मोटार चालू केली की ती कोरडी फिरून जळायची. निसारने त्यावर एक डबी बनवली होती. चार सेल, एक छोटा बल्ब आणि एक ट्रान्झिस्टर. डबीतून दोन तारा विहिरीपर्यंत जायच्या आणि आत तांब्याच्या दोन कांड्यांना जोडलेल्या असायच्या. पाणी कांड्यांना लागलं की घरात दिवा पेटायचा. पाणी खाली गेलं की विझायचा. एवढंच.

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन दोन दिवस झाले असतील. शकुबाईंच्या मळ्यावरचा गडी दुकानात आला. "मावशीनं बोलावलंय. दिवा बिघडलाय," एवढंच म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

शकुबाईंचा मुलगा ओझरच्या कारखान्यात होता. नवरा गेल्यापासून द्राक्षबाग त्या स्वतः बघायच्या. छाटणीच्या वेळी गड्यांच्या मागे कात्री घेऊन फिरणारी बाई. दिवा बिघडला तर "सेल संपलं असतील" म्हणून स्वतःच बदलणारी. तिने माणूस पाठवून बोलावलं याचंच निसारला नवल वाटलं. त्याने मीटर आणि कथलाचा डाग द्यायची इस्त्री पिशवीत टाकली आणि सायकल काढली.

ऊन माथ्यावर आलं होतं. बागेत छाटलेल्या वेलींचे नुसते खुंट उभे होते, आणि घर लांबून दिसत असूनही तिथे कोणाची चाहूल लागत नव्हती. निसार ओसरीवर चढला तेव्हा शकुबाई खांबाला टेकून बसल्या होत्या आणि त्यांची सून मालन आतल्या दारात उभी होती. डबी नेहमीच्या जागी, माजघराच्या भिंतीवर होती. तिच्यावर कोणीतरी फडकं टाकलं होतं.

"फडकं कशाला?" निसारने विचारलं.

"तू काढ, मग कळंल," शकुबाई म्हणाल्या.

त्याने फडकं काढलं. माजघर अंधारं असल्यामुळे दिवा लगेच दिसला. पेटलेला नव्हता, विझलेलाही नव्हता. बल्बच्या आतली तार नुसती तांबूस लाल दिसत होती, राखेखाली निखारा असावा तशी. निसार बघत असतानाच ती हळूच उजळली, थोडी पिवळी झाली, आणि पुन्हा मावळून लाल झाली.

"परवापासून असंच हाय," मालन म्हणाली. "मोठा होतो, बारीक होतो. झोपलेलं माणूस श्वास घेतं तसा. मला सैपाकघरात पाठमोरं बसवत नाय, निसारभाई."

"विहिरीवर जाऊन बघितलं का?"

मालनने सासूकडे बघितलं. मग शकुबाई म्हणाल्या, "पानी आलं असतं तर दिवा सरळ पेटला असता. नसतं आलं तर इझला असता. तुवाच सांगितलं होतंस, दोनच गोष्टी हायत म्हनून. ही तिसरी कोणती ते मला ठावं नाय. म्हनून गेले नाय." त्यांनी हे मान वर करून सांगितलं, पण हात पदरात घट्ट धरलेले होते.

निसारने डबी उघडली. पहिल्यांदा त्याने ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. छोटी पत्र्याची टोपी, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी, चांगलीच गरम लागत होती.

"गरम झालाय," तो पुटपुटला.

"गरम होत नाय का?"

"व्हायला नको, मावशी." तो जमिनीवर मांडी घालून बसला. बोलत राहिलं की बरं वाटेल, त्या दोघींना आणि स्वतःलाही, असं त्याला वाटलं. "हे बघा. ह्याला तीन पाय आहेत. बल्बचा करंट ह्या पायातून आत येतो, ह्याला कलेक्टर म्हणतात, आणि ह्या एमिटरच्या पायातून बाहेर जातो. पण ती वाट बंद असते. उघडायची चावी ह्या मधल्या पायाकडे, बेसकडे. बेसमध्ये थोडासा करंट शिरला की वाट उघडते. बेसमध्ये जेवढा शिरेल त्याच्या शंभर-दीडशे पट बल्बच्या वाटेनं जातो."

"मंग इहिरीच्या तारा?"

"त्या बेसला जोडल्यात. कांड्या कोरड्या, तर बेसला काहीच मिळत नाही. वाट पूर्ण बंद. पाण्यात बुडाल्या तर पाण्यातून बेसला पोटभर मिळतं, बल्बला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. मग वाट सताड उघडी. त्यापुढं कितीही दिलं तरी बल्ब त्याहून मोठा होत नाही. बंद नाहीतर सताड, घरातल्या बटणासारखं. ह्या दोन्ही वेळेला ट्रान्झिस्टर थंड असतो. बंद असताना त्याच्यातून काही जातच नाही, आणि सताड उघडा असताना तो काही अडवत नाही. गरम होतो तो अर्धवट उघडा असला की."

"अर्धवट कधी असतो?"

"रेडिओत असतो. तिथं मुद्दाम तसा ठेवतात. बेसला बारीक आवाज द्यायचा, तो हलेल तसा कलेक्टरचा करंट हलतो, पण मोठा होऊन. कुजबुज दिली तर बोलणं बाहेर येतं." तो थांबला. "विहिरीच्या डबीत त्याचं काही काम नाही."

त्याने तारा सोडवल्या. दिवा ताबडतोब विझला. मग करंट अडवणाऱ्या एका छोट्या रेझिस्टरमधून त्याने बेसला थेट सेलचा करंट दिला, तेव्हा दिवा लख्ख पेटला. काढला, विझला. दिला, पेटला. ट्रान्झिस्टरमध्ये काही खोट नव्हती. तारा परत जोडल्या आणि तो तांबूस निखारा परत आला.

म्हणजे डबी बरोबर होती. विहिरीकडूनच काहीतरी येत होतं. पाण्यापेक्षा फार थोडं, पण येत होतं.

निसारने मनातल्या मनात सगळं चाळून बघितलं. तारेचं वरचं प्लास्टिक फाटून ओल लागली असेल. पण दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. कांड्यांवर पाखरांची घाण पडली असेल, तर ती एकसारखी राहील, अशी वर-खाली होणार नाही. बेडूक असेल तर उडी मारून जाईल. परवापासून न थकता जोर लावणारा आणि सोडणारा बेडूक त्याला माहीत नव्हता.

"ते काय बी असू दे," शकुबाई एकदम म्हणाल्या. "तू मला ते तिसरं बंद करून दे. पेटायचं असंल तर पेटंल, नाय तर इझंल. तसं होतं का?"

"होतं."

"मंग कर."

ते करायला फार काही लागत नव्हतं. पिशवीत हजार ओहमचे रेझिस्टर होते. निसारने चुलीतल्या निखाऱ्यावर इस्त्री तापवली आणि एक रेझिस्टर बेस आणि एमिटरच्या मध्ये लावला. करंट थोडा आला तर ह्या आडवाटेनं निघून जाईल आणि बेसला उठवण्याइतका दाब तयारच होणार नाही. पाणी आलं तर मात्र आडवाट भरून उरलेलं बेसला पुरेल. कथील गार होता होता दिवा विझला. काळा, शांत, कोणत्याही विझलेल्या दिव्यासारखा.

मालनने मोठा श्वास सोडला. शकुबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चहा टाक गं." घरात एकदम माणसं असल्यासारखं वाटू लागलं. मालनने कपबशी आणून दिली. कोण कोण आखितीला माहेरी आलं, कोणाचा बैल मेला, बोलणं सुरू झालं. मळ्यावरचा बुधा पेठकडे आपल्या गावाला गेलाय, चार दिवसांनी येईल म्हणाला होता, असं शकुबाईंनी सांगितलं. निसार हसला, चहा प्यायला. सामान भरताना सवयीने त्याने मीटर बेसवर लावलं. काम झालं की एकदा मोजून बघायचं, हे त्याचं नेहमीचं होतं.

काटा शून्यावर नव्हता.

तो थोडा वर आला, ट्रान्झिस्टर जागा होतो त्या आकड्याच्या अगदी खाली थांबला, आणि मागे गेला. मग पुन्हा वर आला. निसारने दिव्याकडे बघितलं. दिवा काळाच. काटा मात्र त्याच गतीने चालला होता, सावकाश, जोर लावून, दमून.

त्याने काहीच बंद केलं नव्हतं. विहिरीकडून येणारं अजून येतच होतं. त्याने फक्त त्या दिव्याला बहिरं केलं होतं.

"काय झालं?" मालनने विचारलं.

निसारने पक्कड घेतली आणि आत्ताच लावलेला रेझिस्टर कट्कन तोडला. तांबूस निखारा परत आला. मालन भिंतीला चिकटली. शकुबाई ओरडल्या, "अरे, काय करतोस!"

"मावशी, एक मिनिट." त्याने विहिरीच्या तारा सोडवल्या आणि डबीची ती दोन टोकं आपल्या उजव्या हाताच्या मुठीत धरली. घामाने हात ओला होता.

दिवा पेटला. तोच रंग. राखेखालचा निखारा.

त्याने मूठ आवळली. दिवा उजळला, थोडा पिवळा झाला. त्याने मूठ सैल सोडली. दिवा मावळला.

निसारला स्वतःच्याच हाताची भीती वाटली. तो हात सोडवेना. शेवटी शकुबाईंनीच त्याच्या मुठीकडे आणि मग दिव्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "कोनी तरी धरलंय?"

"पाणी नाही, मावशी. ही माणसाच्या हाताची पकड आहे."

पुढचं मग फार भरभर झालं. शकुबाई अनवाणीच ओसरी उतरल्या. शेजारच्या मळ्यात पाणी देणारे गडी त्यांच्या हाकेने दोर घेऊन धावत आले. निसारने तारा परत जोडल्या, मालनला सांगितलं, "वहिनी, तुम्ही दिव्यापाशी बसा. नजर काढू नका. काय होतं ते लक्षात ठेवा," आणि तोही पळाला. मालन नको म्हणेल असं त्याला वाटलं होतं. पण ती पदर खोचून डबीसमोर जाऊन बसली.

विहीर दोन शेतं पलीकडे, ओढ्याच्या काठाला होती. कठड्यावरून डोकावलं तर खाली आधी काहीच दिसलं नाही, इतकं वर ऊन होतं. मग डोळे सरावले. निम्म्या खोलीवर, दगडात सुटलेल्या एका कपारीत, धोतराचा पांढरा तुकडा दिसला.

"बुधा!" शकुबाई किंचाळल्या.

तो गावाला गेलाच नव्हता. जायच्या आधी हातपाय धुवायला उतरला, पायरी निसटली, असं मागाहून कळलं. एक हात खांद्यापासून मोडला होता आणि दुसरा त्याच्या अंगाखाली अडकला होता. तोंड इतकं वाळलं होतं की हाकेचा नुसता खरखराट निघत होता. दोन शेतांपलीकडे तो कोणाला ऐकू जाणार नव्हता. तो गावाला गेला म्हणून मळ्यात कोणी त्याला शोधत नव्हतं, आणि गावात कोणी त्याची वाट बघत नव्हतं. अजून एक दिवस गेला असता तर काय झालं असतं ते कोणी बोलून दाखवलं नाही.

दोर बांधून निसार स्वतः उतरला. गडी म्हणत होते आम्ही जातो, पण त्याला जायचंच होतं. बुधाच्या ओठांवर पाण्याचं फडकं पिळून, त्याला वरून सोडलेल्या बाजेला बांधून वर पाठवेपर्यंत त्याने दुसरीकडे बघितलं नाही. बाज वर गेली, कठड्यावर माणसांचा कालवा झाला, आणि निसार कपारीत एकटा राहिला. तेव्हा त्याने मान वळवून कांड्या शोधल्या.

त्या समोरच्या बाजूला होत्या.

पलीकडच्या भिंतीलगत पाण्याचा पाइप खाली उतरत होता, त्याला लाकडाच्या पट्टीवर त्याने स्वतः त्या बसवल्या होत्या. कपारीपासून विहिरीची सगळी रुंदी मध्ये होती. धडधाकट माणसाने हात लांबवला असता तरी पोचला नसता, आणि बुधाचा एक हात मोडलेला, दुसरा अंगाखाली. कांड्यांच्या खाली पाय ठेवायला जागा नव्हती. गुळगुळीत दगड सरळ खालच्या डबक्यापर्यंत गेला होता.

दोर डोलवून घेत निसार पलीकडे गेला. पट्टीवर धूळ होती, कोळ्याचं जाळं होतं. तांबं वर्षभराच्या हवेने हिरवट काळं पडलं होतं. फक्त मधोमध, दोन्ही कांड्यांवर सारख्याच उंचीला, ते घासल्यासारखं लखलखत होतं. रुंदी मुठीएवढी.

त्याने त्याला हात लावला नाही. वरच्यांना हाक मारून दोर ओढायला सांगितला.

बुधाला बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तिथून ट्रकने दवाखान्यात नेलं. निसार आणि शकुबाई घरी आले तेव्हा मालन डबीसमोर तशीच बसली होती. दिवा विझला होता.

"कधी विझला?" निसारने विचारलं.

"तुम्ही तिथं ओरडलात ते मला इथवर ऐकू आलं. 'आला, आला' म्हणून. तवाच." मालन नजर न काढता बोलत होती. "त्याच्या आधी लय मोठा झाला होता. एवढा पिवळा मी बघितला नव्हता. मंग हळूहळू गेला. कोनी दमून हात सोडावा तसा."

बाज कठड्यावर टेकली त्या क्षणी गडी ओरडले होते, हे निसारला आठवलं. त्या वेळी तो कपारीत होता, आणि कांड्यांपाशी कोणी नव्हतं. किंवा त्याला दिसत नव्हतं.

"शकुमावशी," त्याने विचारलं, "ह्या विहिरीत पूर्वी कधी कोणी गेलंय का? जीव दिलाय, पडलंय, खोदताना काही झालंय?"

शकुबाईंनी खूप विचार केला. निसारला वाटलं, आता त्या कोणाचं तरी नाव सांगतील आणि सगळं एका जागी बसेल. भीती वाटली असती, पण बसलं असतं.

"नाय रे," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत खोदली. कोनाला साधं खरचटलं नाय."

बुधा वाचला. हात थोडा वाकडा राहिला, पण छाटणीला पुढच्या सालापासून परत येऊ लागला. दवाखान्यात निसार त्याला भेटायला गेला होता. विचारायचं नव्हतं तरी विचारलं गेलं. "बुधा, खाली असताना तारांना हात लावलास का?"

"कोंच्या तारा?" बुधाने विचारलं. त्याला त्या दिसल्याही नव्हत्या. मग तो छताकडे बघत राहिला. "पन मी एकला नव्हतो," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

पुढच्या आठवड्यात तो शकुबाईंकडे सेल बदलायला गेला. डबीतल्या बेसच्या पायाला तुटलेल्या रेझिस्टरचं टोक तसंच राहिलं होतं. त्याने पिशवीतून नवा काढला. आता तर लावायला काही हरकत नव्हती. इतर सगळ्या मळ्यांतल्या डब्यांना त्याने त्या आठवड्यातच लावून टाकला होता, आणि लोकांनाही बरं वाटलं होतं, दिवा कसा स्वच्छ पेटतो आणि स्वच्छ विझतो.

"मावशी, लावू का?"

शकुबाई ओसरीवर द्राक्षाच्या काड्यांच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी मालनकडे बघितलं. मालन चुलीपाशी, डबीकडे तोंड करून भाकरी थापत होती. तिने मानेनेच नको म्हटलं.

"ऱ्हाऊ दे तसाच," शकुबाई म्हणाल्या. "कोनी हात दिला तर कळाया पायजे."